विरहाचे बोल, सैल लय : ठुमरी, दादरा, टप्पा ओळखताना

ठुमरी, दादरा आणि टप्पा या तिन्ही प्रकारांत प्रियकराची वाट पाहणारी नायिका भेटते. खमाज, काफी, पिलू, भैरवी हे रागही बहुतांशी सामाईक असतात. ख्यालाच्या कितीतरी बंदिशीही विरहाच्याच असल्यामुळे नुसत्या शब्दार्थावरून प्रकार ठरत नाही. गायक शब्दांचे काय करतो आणि तबला कसा चालतो, हे ऐकावे लागते.

बनारस अंगाची बोलबनावाची ठुमरी घ्यावी. ठेका बहुधा चौदा मात्रांचा, संथ दीपचंदी असतो. त्याचे विभाग तीन-चार-तीन-चार असे पडतात. ‘प्रियकर आला नाही’ एवढ्याच आशयाची ओळ गायिका पुन्हा पुन्हा म्हणते. कधी तक्रारीने, कधी लाडाने, कधी हताश होऊन. दर वेळी स्वर बदलतात, मधूनच शेजारच्या रागाची छटा येते. शब्द मात्रांवरून घसरत जातात, म्हणून लय सैल वाटते. पण हाताने ठेका धरून बसले, की आवर्तन जराही ढळत नाही आणि मुखडा समेवर येतो, हे कळते. शेवटी तबला द्रुत केरव्याच्या अंगाने लग्गी धरतो आणि मग मूळ ठेक्यावर परततो.

लग्गी दादऱ्यातही असते, म्हणून तेवढ्यावर निर्णय देऊ नये. दादऱ्याची चाल अधिक चपळ असते, ओळी सुटसुटीत असतात आणि अंतरे एकाहून अधिक असू शकतात. एका शब्दावर ठुमरीइतका मुक्काम होत नाही. दादरा सहसा सहा मात्रांच्या दादरा तालात असतो, तरी केरव्यातही गायला जातो. उलट दादरा तालातले भावगीत हा दादरा नव्हे. तिथे ओळ ठरल्या चालीतच राहते, बोलांची बढत होत नाही.

टप्पा पहिल्या शब्दापासूनच वेगळा पडतो. लखनौच्या शोरी मियाँशी जोडलेल्या या प्रकाराची भाषा बहुधा पंजाबी असते. शब्द फुटून जमजमा, मुरक्या आणि वळणावळणाच्या छोट्या तानांत धावतो. लांब स्वरावर विसावा क्वचितच मिळतो. ग्वाल्हेर गायकीने टप्पा जपला आणि मालिनी राजूरकरांनी तो महाराष्ट्रातल्या श्रोत्यांच्या कानांत बसवला.

घोटाळा होतो तो सीमेवर. रसूलनबाईंच्या ठुमरीत टप्प्याच्या ताना येतात. तिथे बोलावर मुक्काम होत असेल, तर ती ठुमरीच. लखनौकडची बंदिश ठुमरी मात्र द्रुत त्रितालात, घट्ट बांधलेल्या शब्दांत असते आणि छोट्या ख्यालासारखी भासते. अशा वेळी सैल लयीची खूण उपयोगी पडत नाही. रागाची मोकळीक आणि शब्दांतला नखरा यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.