ऑडिट स्वीकारण्याआधीचे पत्र

नव्या कंपनीचे ऑडिट हाती घेण्यापूर्वी ऑडिट फर्म आणि कंपनीचे संचालक मंडळ यांच्यात कामाच्या अटी लेखी ठरतात. हे एंगेजमेंट लेटर कसे असावे, हे भारतात चार्टर्ड अकाउंटंट्सच्या इन्स्टिट्यूटच्या ‘एसए २१०’ या मानकाने सांगितले आहे. पत्र हाती आले की बहुतेकांची नजर फीच्या आकड्यावर जाते. पुढे वाद मात्र दुसऱ्याच दोन गोष्टींवरून होतात: कोणती जबाबदारी कोणाची, आणि ऑडिटरला काय काय पाहू दिले जाणार.

समजा, इचलकरंजीतील एका सूत-कापड कंपनीच्या ऑडिटरने मे महिन्यात राजीनामा दिला आणि जूनमध्ये संचालक नव्या फर्मकडे आले. वर्ष ३१ मार्चलाच संपलेले आहे. अशा वेळी फर्मचे पहिले पत्र आधीच्या ऑडिटरला जाते. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ नुसार त्याच्याशी लेखी संपर्क न साधता काम स्वीकारणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. त्याची वादातीत फी थकली आहे का, हेही पाहावे लागते. राजीनाम्याची कारणे त्याला कंपनी निबंधकांकडे द्यावी लागतात, ती नव्या फर्मने वाचलीच पाहिजेत. माल मोजू न दिल्यामुळे तो गेला असेल, तर तीच अडचण उद्या नव्या फर्मपुढे उभी राहणार आहे.

मग अटींची बोलणी सुरू होतात. संचालक म्हणतात, हिशेबही तुमच्याच मुलांनी लिहावेत आणि बँकेचे कर्ज मंजूर झाले की त्याच्या एक टक्का फी घ्यावी. दोन्हींना नकार द्यावा लागतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४४ नुसार ऑडिटरला त्याच कंपनीचे हिशेब लिहिता येत नाहीत. स्वतः लिहिलेले स्वतःच तपासण्यात तपासणी उरत नाही. निकालावर अवलंबून असलेली फीही निषिद्ध आहे, कारण मग कर्ज मंजूर व्हावे यात ऑडिटरचाच स्वार्थ गुंततो. म्हणून पत्रात फीची ठरावीक रक्कम, प्रवासखर्च, जीएसटी आणि कागद उशिरा मिळाल्यामुळे काम वाढल्यास आकारणी कशी होईल, एवढे स्पष्ट लिहिले की पुरे.

जबाबदारीचा परिच्छेद सर्वात वजनदार. वित्तीय विवरणे तयार करणे, त्यासाठी लागणारे अंतर्गत नियंत्रण राखणे, सर्व नोंदी व माहिती देणे आणि कोणत्याही कर्मचाऱ्याशी बोलू देणे ही व्यवस्थापनाची कामे आहेत, हे संचालकांनी मान्य करायचे असते. ही मान्यता मिळाली नाही, तर ऑडिटचा पायाच राहत नाही. कलम १४३ ने ऑडिटरला हिशेबाची पुस्तके कधीही पाहण्याचा हक्क दिलेलाच आहे, आणि पत्रातल्या कोणत्याही अटीने तो कमी करता येत नाही.

या कंपनीत खरा पेच मालाचा आहे. ३१ मार्चला नवी फर्म हजर नव्हती. त्यामुळे पत्रात लिहून घ्यावे लागते की कंपनी जुलैत सगळ्या गोदामांतील माल फर्मसमोर मोजेल आणि १ एप्रिलपासूनची आवक-जावक वही व गेटपास देईल. १० जुलैला सुताची ५२० पोती मोजली गेली, दरम्यान ३४० आली आणि ४१० गेली, असे धरू. उलट हिशेब केला तर ३१ मार्चला ५९० पोती असायला हवीत. वहीत ६४० असतील, तर ५० पोत्यांचा खुलासा कंपनीने द्यायचा. अर्थात गेटपासच विश्वासार्ह नसतील, तर हा हिशेब काहीच सिद्ध करत नाही.

‘भिवंडीचे गोदाम सोडून बाकी सगळे पाहा,’ असे संचालक म्हणाले तर? निम्मा माल तिथे असेल, तर या मर्यादेमुळे फर्मला शेवटी मत देणेच अशक्य होईल. अशी मर्यादा सहीआधीच कळली, तर ‘एसए २१०’ नुसार काम स्वीकारायचे नसते. अपवाद फक्त कायद्याने ते स्वीकारणे बंधनकारक असेल तर. बोलणी लांबली तरी गोदामांची नावे पत्रात एकेक करून लिहावीत. ‘आवश्यक ते सहकार्य’ या शब्दांत भिवंडी सहज निसटते.

अहवालाचा अपेक्षित नमुनाही पत्रात असतो. त्यासोबत, परिस्थितीनुसार मत वेगळे असू शकेल, हे वाक्य असावेच. बँकेला स्वच्छ अहवाल हवा आहे म्हणून तसा देण्याची हमी कोणतीही फर्म देऊ शकत नाही. गोपनीयतेच्या कलमालाही मर्यादा असते. अधिकाऱ्यांनी कंपनीची फसवणूक केल्याचा सबळ संशय आला, तर कलम १४३(१२) नुसार तो कळवावा लागतो, आणि रक्कम एक कोटी रुपये किंवा अधिक असेल तर केंद्र सरकारला. ऑडिटचे कार्यपत्र फर्मच्या मालकीचे राहतात, हेही नोंदवावे.

पत्रावर मंडळाच्या वतीने अधिकृत व्यक्तीची सही घेऊन एक प्रत फर्मच्या फाइलला लागते. पुढील वर्षी तेच पत्र चालते. मात्र मालकी, व्यवस्थापन किंवा कामाची व्याप्ती बदलली, किंवा संचालकांच्या बोलण्यातून त्यांचा गैरसमज दिसू लागला, तर अटी नव्याने लिहून पुन्हा सही घ्यावी लागते.