"कॉल नको, डायरेक्ट मेसेज करा": अशा जाहिरातीला उत्तर कसं पाठवायचं?

व्हिडिओत हा विषय पाच मिनिटांत उरकला, पण तो थोडा निवांत लिहिण्यासारखा आहे. म्हणून इथे सविस्तर.

दिवाळीच्या आसपास आपल्या अलिबाग-मुरुड पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा पोस्ट फिरायला लागतात: "नागावला व्हिला आहे. वीकेंडला 12-14 पाहुण्यांचा स्वयंपाक सांभाळणारं कुणी हवं. कॉल नको. थोडक्यात स्वतःबद्दल आणि कधी येऊ शकता ते मेसेज करा." आपण हेच उदाहरण शेवटपर्यंत धरू. ज्यांना पुढे स्वतःचं केटरिंग किंवा खानावळ काढायची आहे, त्यांच्यासाठी असं काम म्हणजे भांडवल न घालता मिळणारं पहिलं गिऱ्हाईक असतं.

आता पोस्ट टाकणाऱ्याच्या जागी बसून बघा. मीही दुकानात मदतनीस हवा म्हणून अशी पोस्ट टाकलेली आहे. तासाभरात फोनवर जे येतं ते साधारण असं: "हाय", "काम आहे का?", "पगार किती?", "इंटरेस्टेड". यांना उत्तर द्यायचं तर प्रत्येकाला तेच चार प्रश्न परत विचारावे लागतात. कोण विचारणार? व्हिलाचा मालक बहुतेक वेळा मुंबई-पुण्यात नोकरी करत असतो, आणि मीटिंगमध्ये फोन उचलता येत नाही म्हणूनच त्याने "कॉल नको" लिहिलेलं असतं. त्याला एकाच मेसेजमध्ये ठरवता आलं पाहिजे की या माणसाशी पुढे बोलायचं की नाही.

अनोळखी नंबरचा मेसेज आला की नोटिफिकेशनमध्ये पहिले काही शब्दच दिसतात. ते शब्द "आदरणीय सर, सप्रेम नमस्कार, मी आपली जाहिरात वाचली" यात घालवू नका. कामाचं नाव आधी लिहा. नमस्कार दुसऱ्या ओळीत घातला म्हणून कुणी रागावत नाही. त्यानंतर तुम्ही कोण, कुठल्या, आणि हे काम येतं याचा एक पुरावा. एकच, पण पडताळून बघता येईल असा. "मला सगळा स्वयंपाक येतो" हे कुणीही लिहितं. "मागच्या सीझनला आक्षीच्या एका होमस्टेचं 10-15 माणसांचं जेवण केलं, त्यांचा नंबर देते" हे ज्याने केलंय तोच लिहू शकतो. (नंबर देण्याआधी त्या होमस्टेवाल्यांना विचारून ठेवा, बरं का.) असा अनुभव नसेल तर जे खरं आहे ते लिहा: घरच्या पूजेला, बचत गटाच्या कार्यक्रमाला किती पानं वाढली ते.

आता कधी येऊ शकता हा भाग. आपल्याकडे खरं अडतं ते इथेच. लोक लिहितात "वीकेंडला मोकळी आहे." पण व्हिलाचा वीकेंड म्हणजे काय? पाहुणे शुक्रवारी संध्याकाळी येतात आणि रविवारी दुपारी निघतात असं धरलं, तर शुक्रवारचं रात्रीचं जेवण, शनिवारचा नाश्ता, दुपारचं, रात्रीचं आणि रविवारचा नाश्ता, अशी पाच वेळची जेवणं होतात. शनिवारी सकाळी आठला पोहे टेबलावर हवेत म्हणजे तुम्ही सातला तिथे हव्यात. रात्री पाहुणे जेवून भांडी आवरेपर्यंत साडेदहा वाजतात. त्या वेळी एसटीच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून जाणार-येणार कशाने, हेही त्याच ओळीत सांगा. मालकाच्या मनातला पहिला संशय तोच असतो.

शिवाय सीझनचं. जे दिवस जमणार नाहीत ते आधीच सांगून टाका. गौरी-गणपतीत आणि शिमग्याला आपल्या घरी माणसं असतात, तेव्हा आपण येणार नाही हे आपल्याला माहीत असतं, मालकाला नसतं. उलट 31 डिसेंबरला यायची तयारी असेल तर ते ठळक लिहा, कारण त्या रात्रीसाठी माणूस मिळणं सगळ्यात कठीण.

हे सगळं धरून, चौलला राहणाऱ्या एखाद्या ताईंचा मेसेज असा होईल:

"नागाव व्हिला, वीकेंडचा स्वयंपाक. नमस्कार, मी (नाव), चौल. मागच्या सीझनला आक्षीच्या होमस्टेला 10-15 माणसांचं जेवण केलं, व्हेज आणि मासे दोन्ही. त्यांचा नंबर देऊ शकते. शुक्रवार संध्याकाळी 5 पासून रविवार सकाळी 11 पर्यंत येऊ शकते, स्वतःची स्कूटी आहे. पुढच्या शुक्रवारपासून सुरू करता येईल. 31 डिसेंबरला येईन, गौरी-गणपतीचा आठवडा जमणार नाही. किराणा आणि मासळी तुम्ही आणणार की मी आणायची?"

शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे. त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं, म्हणून ते येतं. आणि तुमचा दर त्यावरच ठरतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचे भाव चढतात. मासळीसकट एकच आकडा आधी सांगून बसलात तर पावसाळ्यात तुमच्याच खिशातून जाईल. म्हणून माझं मत असं की पोस्टमध्ये दर विचारला नसेल तर पहिल्या मेसेजमध्ये लिहू नका. विचारला असेल तर मजुरी वेगळी आणि सामान वेगळं, असं लिहा.

पाठवण्याआधी तोच मेसेज व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला पाठवून वाचा. स्क्रोल करावं लागत असेल तर छाटा. व्हॉइस नोट नको. मालक ऑफिसात ती ऐकणार नाही. प्रायव्हसीमध्ये प्रोफाइल फोटो "माय कॉन्टॅक्ट्स"वर असेल तर मालकाला नुसता राखाडी गोळा दिसतो. तो "एव्हरीवन"ला करायचा की नाही हे तुम्ही ठरवा. मुलींनी स्वतःच्या फोटोऐवजी केलेल्या ताटाचा फोटो लावला तरी चालतं.

पोस्ट इन्स्टाग्रामवर असेल तर मेसेज "रिक्वेस्ट"मध्ये पडतो आणि समोरच्याने स्वीकारेपर्यंत दुसरा पाठवता येत नाही असं होऊ शकतं. तिथे "हाय" पाठवलात तर संधी त्या "हाय"वरच संपली.

वेळही बघा. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार व्हिलावाले पाहुण्यांत अडकलेले असतात. सोमवार ते गुरुवार सकाळी पाठवा. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा: "या शुक्रवारसाठी कुणी ठरलं का? नसेल तर मी मोकळी आहे." तिसरा मेसेज नको. निळ्या टिका दिसल्या नाहीत म्हणजे वाचलं नाही असंही नाही, अनेकांनी त्या बंद करून ठेवलेल्या असतात.

उत्तर आलं की आता तपासायची पाळी तुमची. व्हिलाचं नाव विचारा, गुगल मॅपवर शोधा आणि पहिल्या शुक्रवारच्या आधी दिवसाउजेडी जाऊन स्वयंपाकघर बघून या: गॅसच्या शेगड्या किती, फ्रिज केवढा, 14 माणसांचा भात होईल असं पातेलं आहे का. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, डिपॉझिट अशा नावाखाली कुणी आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा. ॲडव्हान्स पाठवतो म्हणून कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितला तर तो फसवतोय, कारण पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करा. आधार मागितलं तर पहिले आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या, ते यूआयडीएआयच्या साइटवर डाउनलोड होतं.