दोन खुर्च्या आणि एकच डॉक्टर

तालुक्याच्या गावातला दातांचा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. दोन खुर्च्या, दोन मदतनीस मुली आणि डॉक्टर एकच. एका रुग्णाला भुलीचं इंजेक्शन दिलं, की ते चढेपर्यंत मॅडम दुसऱ्या खुर्चीवरच्या दाताचं माप घेतात. तेवढ्यात लॅबचा माणूस कॅप घेऊन येतो, फोन वाजतो, हातमोजे संपल्याचं कळतं. रात्री नऊला शटर ओढल्यावर दिवसाचा हिशेब मॅडमच करतात. दवाखाना त्यांचाच, त्यामुळे रजा द्यायलाही कोणी नाही.

असं चार-पाच वर्षं चाललं की माणूस नुसता दमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन विटणं आणि कामातली परिणामकारकता घटणं. यातलं दुसरं लक्षण दवाखान्यात सहज ऐकू येतं. पूर्वी 'पाटलांच्या आजी आल्या' म्हणणाऱ्या मॅडम आता 'छत्तीस नंबर बसवा' म्हणू लागतात. छत्तीस हा डाव्या बाजूच्या खालच्या पहिल्या दाढेचा क्रमांक. आजी मागे पडतात, दाढ तेवढी उरते.

यावर 'कामं वाटून द्या' हा सल्ला सगळेच देतात, पण कोणती कामं द्यायची ते कोणी सांगत नाही. त्यासाठी आधी एक आठवडा मदतनिसीला वही द्या. रुग्ण खुर्चीवर असताना डॉक्टर उठल्या, की कशासाठी उठल्या ते तिने लिहायचं. रूट कॅनालमध्ये बारीक फाइल दाताच्या मुळात फिरत असते. त्यात लक्ष विचलित होणं रुग्णाला महागात पडू शकतं, म्हणून हे उठणं मोजायला हवं. वहीत उपचाराशी संबंध नसलेली कारणंच जास्त दिसली, तर कामं कुठून सोडायची ते आपोआप कळतं.

निदान, भुलीचं इंजेक्शन, दात कोरणं आणि काढणं हे डॉक्टरचंच काम. दात साफ करणं नोंदणीकृत डेंटल हायजिनिस्टकडे देता येतं, पण दवाखान्यातच शिकून तयार झालेल्या मदतनिसीकडे नाही. या मर्यादेत तडजोड नको.

सुरुवात हत्यारांच्या निर्जंतुकीकरणापासून करावी असं माझं मत आहे, कारण ते नीट झालं की नाही हे तपासता येतं. वापरलेली हत्यारं वाळू न देता धुवायची, सांध्याची हत्यारं उघडून ठेवायची, कोरडी करून पाउचमध्ये बंद करायची, पाउचवर तारीख घालायची. ऑटोक्लेव्हमध्ये पाउच एकमेकांवर कोंबायचे नाहीत, वाफेला वाट हवी. १२१ अंश सेल्सिअसला यंत्राच्या पुस्तिकेत पाउचसाठी असेल तेवढा वेळ, आणि पाउच पूर्ण सुकल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत. आत ठेवलेल्या इंडिकेटर पट्टीचा रंग बदलला नाही किंवा पाउच ओला निघाला, तर ती फेरी बाद. हे सगळं मोठ्या अक्षरात धुण्याच्या जागेवर लावायचं.

मग पहिला आठवडा दोघींनी मिळून काम करायचं, दुसरा आठवडा तिने करायचं आणि मॅडमनी बघायचं. त्यानंतर मॅडमनी फक्त नोंदवही आणि पट्ट्या बघायच्या, आणि जंतू खरोखर मेले का हे सांगणारी स्पोअर टेस्ट नियमित करायची. घोडं इथेच अडतं. एखादा पाउच वाकडा बंद झालेला दिसला की मॅडम काही न बोलता तो स्वतः नीट करतात. मुलीला चूक कळत नाही आणि काम पुन्हा मॅडमकडे येतं. पाउच तिच्या हातात परत द्यायला हवा, दोन मिनिटं जास्त गेली तरी.

खरेदीचंही तसंच. हातमोज्यांचे दोन डबे उरले की मागवायचे, आणि समजा दोन हजार रुपयांपर्यंत विचारायचं नाही, असं ठरवून द्या. जबाबदारी दिली पण दर वेळी परवानगी मागायला लावली, तर फोन मॅडमनाच येत राहील. पैशांत मात्र एक पथ्य पाळा: रोख घेणारीने एकटीने हिशेब मिटवायचा नाही.

दुसऱ्या खुर्चीसाठी आठवड्यातले दोन दिवस दुसरे डॉक्टर बोलावता येतात, उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांवर. 'आम्हाला मॅडमच हव्यात' हा हट्ट टाळायचा, तर ओळख पहिल्याच भेटीत करून द्यायची. अर्धा उपचार झाल्यावर डॉक्टर बदलले तर रुग्ण नाराज होणारच.

एवढं करूनही झोप लागत नसेल, सुटीच्या दिवशीही मन उदास राहत असेल, तर तो प्रश्न कामाच्या वाटणीपुरता राहिलेला नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.