तुकड्या कोण लावणार?

कॉलेजच्या खो-खो संघातली कर्णधार बहुतेक वेळा परीक्षा देऊन निघून जाते. पुढच्या हंगामात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं पत्रक आलं की क्रीडा शिक्षक नव्या मुलीचं नाव जाहीर करतात. जिमखान्याच्या कपाटाची किल्ली, नी-कॅपची पिशवी, खेळाडूंच्या ओळखपत्रांची फाइल हे सगळं तिच्या ताब्यात येतं. तुकड्या कशा लावायच्या, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. या खेळात कर्णधाराचं सगळ्यात अवघड काम तेच.

संरक्षण करणाऱ्या नऊ जणी तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात येतात. पाळी सुरू होण्याआधी त्यांचा क्रम गुणलेखकाकडे नोंदवायचा आणि त्याच क्रमाने उतरायचं. पारंपरिक नियमांत पाळी 9 मिनिटांची असते. त्याआधी नऊही जणी बाद झाल्या, तर पहिली तुकडी पुन्हा पळते. त्यामुळे तीन उत्तम पळणाऱ्या मुली पहिल्याच तुकडीत घालाव्यात असं नवख्या कर्णधाराला वाटतं. त्या चांगला वेळ काढतातही. पण मागच्या दोन तुकड्या दोन-अडीच मिनिटांत कापल्या गेल्या, की त्याच तिघींना दमलेल्या पायांनी पुन्हा उतरावं लागतं. शिवाय आक्रमणात खांबाजवळ सूर मारणाऱ्याही बहुधा त्याच असतात. थोड्या विश्रांतीनंतर आक्रमणाला बसताना त्यांच्यात दम उरलेला नसतो.

जुनी कर्णधार हे दोन वर्षांच्या अनुभवाने शिकलेली असते. तिच्या नऊ जणींत समजा तिघी भक्कम आहेत, चौघी बऱ्या, दोघी कच्च्या. ती प्रत्येक तुकडीत एक भक्कम मुलगी ठेवते. दोन्ही कच्च्या मुली एकाच तुकडीत येऊ देत नाही. साखळीत सुरेख पळणारी पण हूल देताना गडबडणारी मुलगी कोणती, गुडघा दुखावलेला असून तोंडातून अवाक्षर न काढणारी कोणती, हे तिला पाठ असतं. यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून जाण्याआधी तिने वर्षभरातल्या मोठ्या सामन्यांचे क्रम वहीत उतरवून त्यापुढे कारण लिहावं. ‘हिला तिसऱ्या तुकडीत ठेवलं, कारण समोरच्या संघाच्या खांबावरच्या मुली शेवटी दमतात’ अशी एक ओळ पुरे.

तरी वही अर्धंच काम करते. उरलेलं मैदानावर द्यावं लागतं, आणि त्याची वेळ स्पर्धा संपल्यापासून परीक्षेपर्यंतची. तेव्हा शेजारच्या कॉलेजशी मैत्रीपूर्ण सामने ठरवावेत. तुकड्या नवीने लावाव्यात, जुनीने तिच्या हाताखाली खेळावं. क्रम चुकला आहे हे दिसत असूनही पाळी संपेपर्यंत गप्प बसणं तिला फार जड जातं. पण तिने बाहेरून ‘तिला आधी काढ!’ असं एकदा ओरडलं, की संघ पुन्हा तिचा होतो. सत्ता खरंच हलली का, हे ओळखायची एक खूण आहे. गडी निसटला, डाव फसला, की पाटीवर बसलेल्या मुली क्षणभर कुणाकडे तरी बघतात. ती नजर अजून जुनीकडे जात असेल, तर हस्तांतर झालेलं नाही. महेंद्रसिंग धोनीने जानेवारी 2017 मध्ये एकदिवसीय संघाचं नेतृत्व सोडलं आणि पुढे तो विराट कोहलीच्या हाताखाली खेळला. कॉलेजात ही सोय एखाद्या हंगामाचीच मिळते, म्हणून ती वाया घालवू नये.

निवड कुणाची करावी? बहुतेक कॉलेजांत अंतिम शब्द क्रीडा शिक्षकांचा असतो, पण ते आधी कर्णधाराला विचारतात. सर्वांत जास्त वेळ काढणाऱ्या मुलीचं नाव सहज ओठावर येतं. माझं मत वेगळं आहे. बाद होऊन बाहेर आल्यावर जी पाणी पिता पिता आपल्या पुढच्या तुकडीचं पळणं बघते, समोरच्या कोणत्या मुलीची दिशा घेताना चूक होते हे शेजारणीला सांगते, तिला निवडावं. अशी मुलगी पळण्यात मधली असली तरी चालेल.

डावललेल्या मुलीचं मात्र कुणी बघत नाही. उपकर्णधार असलेली, आपलंच नाव येणार असं धरून बसलेली मुलगी सगळ्यांसमोर दुसरीचं नाव ऐकते आणि दुसऱ्या आठवड्यापासून सरावाला उशिरा येऊ लागते. तिच्याबरोबर तिच्या दोन मैत्रिणीही. नऊपैकी तिघी मनाने बाहेर पडल्या, तर कोणताही क्रम लावून उपयोग होत नाही. हे सावरायचं काम जुन्या कर्णधाराचंच, कारण नवीच्या तोंडून तीच गोष्ट टोचते. या वर्षी पद सोडणाऱ्या प्रत्येक ताईला एवढीच विनंती आहे. नाव जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलीला बाजूला घ्या आणि निर्णय, त्याचं कारण, तिची संघातली जागा, तिन्ही गोष्टी स्वतः सांगा.