शिफारसपत्र मागताना साहेबांना काय द्यायचं?

दिवाळीच्या आसपास आयटी कंपन्यांतल्या मॅनेजरांच्या व्हॉट्सॲपवर जुन्या सहकाऱ्यांचे मेसेज यायला लागतात. ‘सर, कसे आहात? एक छोटंसं काम होतं. एमएससाठी अप्लाय करतोय, एलओआर हवं होतं.’ सर भले असतात, ‘हो, पाठव’ म्हणतात आणि विसरतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात धावपळ सुरू होते आणि शेवटच्या रात्री जे पत्र जातं त्यात लिहिलेलं असतं, की उमेदवार कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ आणि जबाबदार आहे. लग्नाच्या बायोडेटात हे शोभून दिसतं. प्रवेश समितीला त्यातून काही कळत नाही, कारण तिच्यासमोरच्या गठ्ठ्यातला प्रत्येक जण कष्टाळू आणि मनमिळाऊच असतो.

दोष साहेबांच्या इंग्रजीचा नसतो. दोन-तीन वर्षांपूर्वी हाताखाली काम केलेल्या माणसाबद्दल त्यांना ‘पोरगी चांगली होती’ एवढं पक्कं आठवतं, पण कोणत्या कामात चांगली होती आणि नक्की काय केलं होतं, ते आठवत नाही. दरम्यान त्यांनी दोन टीम सांभाळल्या, कदाचित कंपनीही बदलली. ते तपशील त्यांच्यापर्यंत पोचवणं हे पत्र मागणाऱ्याचं काम आहे, आणि नेमकं तेच बहुतेक जण करत नाहीत.

आधी माणूस निवडायचा. बरेच जण पदाकडे बघतात. डिलिव्हरी हेड किंवा व्हाइस प्रेसिडेंटची सही मिळाली की वजन पडेल, असा समज असतो. पण वर्षातून दोनदा टाउनहॉलमध्ये दिसणारे हे गृहस्थ तुमच्याबद्दल लिहिणार काय? ज्याने तुमचं काम रोज पाहिलं, चुका काढल्या आणि अप्रेझलला समोर बसवलं, तो टीम लीड किंवा मॅनेजर कधीही बरा. संशोधनाकडे झुकणाऱ्या अभ्यासक्रमांना मात्र प्राध्यापकांची पत्रं जास्त हवी असतात. अमेरिकेतल्या एमएसला बहुधा तीन पत्रं लागतात. त्यांतली किती नोकरीतली चालतील, हे अभ्यासक्रमाच्या पानावर वाचूनच ठरवावं.

एक उदाहरण घेऊ. समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीत एका मुलीने 2021 ते 2024 अशी तीन वर्षं डेटा इंजिनिअर म्हणून काम केलं. आता तिला अमेरिकेत डेटा सायन्समध्ये एमएस करायचं आहे आणि पाच विद्यापीठांच्या मुदती 15 डिसेंबरच्या आसपास आहेत. तिचे तेव्हाचे मॅनेजर आता बंगळुरूला दुसऱ्या कंपनीत आहेत. ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेसेज करते: ‘सर, नमस्कार. डेटा सायन्सच्या एमएससाठी अर्ज करतेय. क्लेम्सच्या प्रोजेक्टवर मी तुमच्याकडे दोन वर्षं होते. माझ्या कामाबद्दल तपशिलात लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का? या वर्षी वेळ नसेल तरी काहीच हरकत नाही, मी दुसऱ्या कोणाला विचारेन.’ शेवटचं वाक्य नम्रतेपुरतं नाही. साहेबांना तोंडावर ‘नाही’ म्हणायला आपल्याकडे जड जातं. मग ते ‘बघू’ म्हणतात आणि हा ‘बघू’ डिसेंबरमध्ये महागात पडतो. सुटायला वाट ठेवली की खरं उत्तर लवकर मिळतं.

साहेब हो म्हणाले की पुढचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘तूच लिहून पाठव ना, मी सही करतो.’ आपल्याकडे ही इतकी रुळलेली रीत आहे की त्यात काही वावगं आहे, असं दोघांनाही वाटत नाही. पण पत्र स्वतः लिहिलंय अशी हमी अनेक ठिकाणी लिहिणाऱ्याकडून घेतली जाते आणि अनेक बिझनेस स्कूलांनी उमेदवाराने स्वतःचं पत्र लिहिण्याला स्पष्ट मनाई केली आहे. नियम बाजूला ठेवला तरी लबाडी उघडी पडायला फार काही लागत नाही. स्टेटमेंट ऑफ पर्पज आणि तिन्ही पत्रं एकाच हातची असली, की तीच लांब वाक्यं, तीच आवडती विशेषणं आणि स्वल्पविरामाची तीच चूक चारही कागदांत दिसते. शिवाय माणूस स्वतःची स्तुती भीतभीत आणि मोघम करतो. बाहेरून बघणाऱ्या साहेबांना दिसलेली गोष्ट त्याला स्वतःला सुचतच नाही.

मग मधला मार्ग कोणता? मुद्दे द्यायचे, तयार वाक्यं द्यायची नाहीत. ‘सर, पत्र तुमच्याच शब्दांत हवं असतं. पण तुम्हाला आठवायला सोपं जावं म्हणून एका पानाचं टिपण पाठवते, आणि वाटलं तर वीस मिनिटं फोनवर बोलू.’ हे ऐकून बहुतेक साहेब सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण त्यांची खरी अडचण कोऱ्या पानाची असते.

या टिपणावरच सगळं अवलंबून आहे, म्हणून त्यात काय असावं ते जरा जवळून पाहू. वरच्या दोन ओळींत कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या पदावर आणि कोणत्या प्रोजेक्टवर त्यांच्या हाताखाली होतो ते लिहायचं. त्याखाली तीन प्रसंग. आपल्या उदाहरणातला एक असा: रात्रीचा बॅच जॉब सहा तास चालायचा आणि सकाळी नऊनंतर संपायचा, त्यामुळे क्लायंटचा रिपोर्ट रोज उशिरा जायचा. दर रात्री पूर्ण टेबल नव्याने वाचलं जातंय हे तिच्या लक्षात आलं. फक्त बदललेल्या नोंदी घ्यायच्या असं तिने सुचवलं, आधी एका टेबलवर करून दाखवलं, मग बाकीच्या टेबलांवर लावलं. जॉब दीड तासावर आला. टीम चार जणांची होती. कल्पना आणि पहिली चाचणी तिची, पुढचं काम दोघांनी मिळून केलं.

शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात, आणि तीच सर्वांत मोलाची आहे. सगळं मीच केलं असं लिहिलं तर साहेबांना खटकतं, कारण तेवढं त्यांना आठवत असतं. ‘आम्ही केलं’ म्हटलं तर पत्रात उमेदवार दिसतच नाही. आपला वाटा नेमका सांगितला की साहेब त्यावर निर्धास्तपणे लिहू शकतात. आणखी एक पथ्य आहे. क्लायंटचं नाव आणि गोपनीय आकडे टिपणातही नकोत. ‘एका अमेरिकी विमा कंपनीसाठी’ एवढं पुरे.

एक प्रसंग चुकीचाही असू द्यावा. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. पण बऱ्याच बिझनेस स्कूलांनी स्वीकारलेल्या जीमॅकच्या सामाईक शिफारसपत्रात एक प्रश्नच असा आहे की, तुम्ही या उमेदवाराला दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती आणि त्यावर त्याने काय केलं. एमएसच्या काही फॉर्मांतही उणिवांबद्दल विचारतात. आपल्या मुलीच्या टिपणात म्हणून हेही आहे: सुरुवातीला काम अडलं तरी ती शेवटच्या दिवसापर्यंत गप्प बसायची. सरांनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं, की अडचण सोमवारच्या कॉलमध्येच मांडत जा. पुढच्या रिलीजपासून ती तसं करायला लागली. साहेब हे वाचून हमखास म्हणतील, ‘अरे हो, हे मी विसरलोच होतो.’ पत्रात जिवंतपणा येतो तो अशा गोष्टींमुळे.

टिपणाबरोबर रेझ्युमे, स्टेटमेंट ऑफ पर्पजचा मसुदा आणि विद्यापीठांची मुदतवार यादी द्यायची. मसुदा द्यायचा तो पत्रात त्याचीच नक्कल होऊ नये म्हणून. मला हे का शिकायचंय ते मसुदा सांगतो, आणि ही व्यक्ती काम कशी करते ते पत्र सांगतं.

आता यंत्रणेबद्दल थोडं, कारण अर्ज अडकतो तो बऱ्याचदा इथे. अमेरिकेत पत्र सहसा उमेदवाराच्या हाती येत नाही. अर्जात आपण साहेबांचं नाव, पद आणि ईमेल भरतो आणि विद्यापीठ त्यांना थेट लिंक पाठवतं. पाच विद्यापीठं म्हणजे पाच लिंका, त्यातल्या दोन स्पॅममध्ये. काही पोर्टल नाव भरताच मेल पाठवतात, काही अर्ज सबमिट झाल्यावरच. लिंक उघडल्यावर नुसतं पत्र चढवायचं नसतं, एक तक्ताही भरायचा असतो. उमेदवार वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत, असं बुद्धी, लेखन, नेतृत्व अशा गुणांबद्दल विचारलेलं असतं. पत्रात कौतुक आणि तक्त्यात मधली घरं, अशी विसंगती समितीला लगेच दिसते. म्हणून तक्ता असतो हे साहेबांना आधीच सांगून ठेवावं. जो गुण पाहिलाच नाही त्यासाठी ‘पाहण्यात आलं नाही’ असं घर बहुधा असतं. ते निवडण्यात काही कमीपणा नाही.

जुन्या मॅनेजरांच्या बाबतीत ईमेलचा घोळ ठरलेला. जुन्या कंपनीचा पत्ता बंद झालेला असतो आणि जीमेलकडे काही विद्यापीठं संशयाने बघतात. सध्याच्या कंपनीचा अधिकृत पत्ता चालतो, पण ‘मी अमुक काळात तमुक कंपनीत हिचा मॅनेजर होतो’ हे पत्राच्या पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे. लेटरहेडचंही तसंच. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना शिफारसपत्र लेटरहेडवर द्यायला मनाई करतात. एचआर देतं ते नोकरीच्या तारखा आणि पद सांगणारं एक्स्पिरियन्स लेटर, ते शिफारसपत्राच्या जागी चालत नाही. अशा वेळी साध्या कागदावर, वैयक्तिक नात्याने लिहिलेलं, तारीख, सही आणि सध्याचं पद असलेलं पत्र सर्वसाधारणपणे स्वीकारलं जातं. तरी त्या विद्यापीठाची सूचना एकदा वाचावी.

आणखी एक चौकट अर्जात भेटते. पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न असतो. अमेरिकेच्या 1974 सालच्या फर्पा कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क सोडण्याची सक्ती प्रवेशासाठी करता येत नाही, पण बहुतेक उमेदवार तो सोडतात. साहेबांना मोकळेपणाने लिहिता येतं आणि वाचणाऱ्यालाही पत्रावर भरवसा वाटतो. ज्यांच्या पत्राची धास्ती वाटते त्यांच्याकडे मुळात मागूच नये.

आठवण करून देण्यात संकोच नको. मुदतीच्या दोन आठवडे आधी एक मेसेज, चार दिवस आधी दुसरा, आणि ‘चार ठिकाणची पत्रं पोचली, एकच राहिलंय’ असा नेमका. कोणतं पत्र पोचलं हे पोर्टलवर बहुधा दिसतं. साहेबांसाठी स्वतःकडून आठ-दहा दिवस अलीकडची तारीख धरावी, कारण दिवाळीच्या सुट्ट्या आणि वर्षअखेरचे रिलीज याच दिवसांत येतात.

निकाल लागला की तो साहेबांना कळवावा, नकार आले असले तरी. आणि पत्राची फाईल जपून ठेवायला सांगावं. एका वर्षीच्या अर्जाला जोडलेलं पत्र पुढच्या वर्षी आपोआप चालेल याची खात्री नसते, आणि पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर बहुधा साहेबांना नव्या लिंकवर तेच पुन्हा चढवावं लागतं.