जैसलमेरची वाळू रात्री का गारठते?

नोव्हेंबरात जैसलमेरला दुपारी पारा 31 अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे तो 15 पर्यंत उतरतो. जुलैत मुंबईत मात्र दिवस-रात्रीतला फरक जेमतेम पाच अंशांचा.

वाळवंटात ऊन जमिनीवर थेट पडतं. ओल नसल्यामुळे त्यातली उष्णता बाष्पीभवनात खर्च होत नाही. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा भरलेली असते आणि हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. म्हणून वरचा पातळ थर भाजून निघतो, तर हातभर खाली दिवस-रात्रीचा फरक फारसा पोहोचतच नाही. साठाच एवढा उथळ, की सूर्य मावळल्यावर तो लवकर संपतो.

तरीही खरी किल्ली हवेतल्या बाष्पाकडे आहे. तापलेली जमीन अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. बाष्प आणि ढग ती शोषून घेतात व बरीचशी जमिनीकडे परत पाठवतात. कोरड्या, निरभ्र आकाशाखाली हे पांघरूण विरळ असतं.

याचा पुरावा जैसलमेरमध्येच मिळतो. वाळू तीच, पण पावसाळी वारे पोहोचले की तिथलाही फरक दहा-अकरा अंशांवर येतो.

वाऱ्याचाही यात वाटा आहे. शांत रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो. वारा सुटला की वरची उबदार हवा त्यात मिसळते आणि पारा तितका घसरत नाही. शिवाय वाळवंटातली प्रत्येक रात्र थंड नसते: मे महिन्यात जैसलमेरचं किमान तापमानही पंचवीस अंशांच्या वरच राहतं.