जुळ्यांची वार एक की दोन?

गर्भात जुळी असल्याचे कळताच घरची मंडळी सर्वप्रथम विचारतात ती गोष्ट अशी, की दोन्ही मुले दिसावयास सारखी असतील काय. वैद्यकीय दृष्टीने हा प्रश्न गौण होय. खरा प्रश्न दोन्ही गर्भांना पोषण पुरविणारी वार एकच आहे की प्रत्येकाची स्वतंत्र आहे, हा आहे. त्याचे उत्तर गर्भारपणाच्या अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान जितके स्पष्टपणे मिळते, तितके पुढे मिळत नाही. पेडणे व डिचोली तालुक्यांतील गरोदर स्त्रियांनी, तसेच त्यांची नोंद घेणाऱ्या परिचारिकांनी व अंगणवाडी सेविकांनी ही गोष्ट नीट समजून घेणे इष्ट आहे.

दोन निरनिराळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांना जवळजवळ नेहमीच दोन वारा असतात. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेल्या, म्हणजे एकसारख्या जुळ्यांची गोष्ट निराळी आहे. ही विभागणी पहिल्या तीन दिवसांत झाली तर त्यांनाही स्वतंत्र वारा मिळतात. त्यानंतर झाली तर वार एकच राहते. एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जोड्या या दुसऱ्या प्रकारच्या असतात. त्यांतील बहुतेकांत प्रत्येक गर्भाची गर्भजलाची पिशवी स्वतंत्र असते. क्वचित विभागणी आठ दिवसांनंतर होते व दोन्ही गर्भ एकाच पिशवीत वाढतात. त्यांच्या नाळा एकमेकींत गुंतण्याचा धोका असल्याने त्यांची देखरेख अधिकच कडक असते.

आता हे ओळखावयाचे कसे? वारेचे गोळे मोजून पाहावेत, असे सहज वाटेल. परंतु दोन स्वतंत्र वारा शेजारी शेजारी रुजल्या तर त्या एकमेकींस चिकटून एकच दिसतात. म्हणून तज्ज्ञ दोन गर्भांमधील पडदा वारेला जेथे मिळतो, ती जागा पाहतात. वारा दोन असतील तर त्या पडद्यात चार पदर असतात आणि त्यांच्या मध्ये वारेचा थोडा भाग पाचरीसारखा वर सरकलेला दिसतो. खाजन शेतीचा बांध पायथ्याशी रुंद व माथ्याशी निमुळता असतो, तसाच हा आकार असतो. ग्रीक अक्षरावरून त्यास लॅम्डा खूण म्हणतात. वार एकच असेल तर पडदा दोनच पातळ पदरांचा असतो व कागद मेजावर उभा धरावा तसा वारेवर सरळ काटकोनात टेकतो. ही टी खूण होय.

लॅम्डाची पाचर कायमची नसते. आठवडे जातात तशी ती झिजत जाते, आणि विसाव्या आठवड्यानंतर काही स्त्रियांत ती दिसेनाशी होऊन दोन वारांची जुळी एका वारेची भासू शकतात. इतर देशांत अशा वेळी गर्भांचे लिंग भिन्न दिसल्यास वारा दोनच आहेत हे जवळजवळ निश्चित करता येते. आपल्याकडे १९९४ च्या कायद्यान्वये गर्भाचे लिंग सांगणे वा सूचित करणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे हा मार्ग येथे उपयोगी पडत नाही, व लवकरच्या सोनोग्राफीवर अधिक भिस्त ठेवावी लागते. त्या तपासणीतही खूण अस्पष्ट राहिली तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. तरीही निर्णय न झाल्यास वार एकच आहे असे मानून देखरेख ठेवावी. त्यात काही फेऱ्या वाया जातील, पण उलट चूक फार महाग पडते.

ती महाग का पडते, हे पाहू. एकाच वारेत दोन्ही गर्भांच्या रक्तवाहिन्या एकमेकींस जोडलेल्या असतात. बहुधा देवाणघेवाण समतोल राहते. परंतु अशा शंभर जोड्यांपैकी दहा ते पंधरांत रक्त एकाकडून दुसऱ्याकडे अधिक वाहू लागते. देणाऱ्या गर्भास लघवी कमी होते व त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते. घेणाऱ्याच्या हृदयावर ताण येतो, त्याची लघवी वाढते व त्याची पिशवी फुगत जाते. हा प्रकार बहुधा सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यांत उद्भवतो आणि काही दिवसांतच वाढू शकतो. उपचार न झाल्यास बहुतेकदा दोन्ही गर्भ दगावतात. एक दगावला तर जोडलेल्या वाहिन्यांमधून दुसऱ्याचे रक्त त्याच्याकडे वाहून जाऊन वाचलेल्याच्या मेंदूसही इजा पोहोचू शकते. स्वतंत्र वारा असलेल्या जुळ्यांस हा धोका जवळजवळ नसतो.

म्हणूनच दोन वारांच्या जुळ्यांची सोनोग्राफी साधारणतः दर चार आठवड्यांनी पुरेशी असते, तर एका वारेच्या जुळ्यांची सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करावी लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पेडणे तालुक्यातील एका स्त्रीची पहिली सोनोग्राफी बाराव्या आठवड्यात झाली व अहवालात ‘टी खूण, वार एक, पिशव्या दोन’ अशी नोंद झाली. सोळाव्या आठवड्यात दोन्ही पिशव्यांतील पाण्याची सर्वांत खोल जागा अनुक्रमे ४.५ व ३.५ सेंटिमीटर भरली. हे ठीकच होते. अठराव्या आठवड्यात तीच मापे ८.४ व १.७ झाली, आणि लहान गर्भाचे मूत्राशय रिकामे असून दिसेना. विसाव्या आठवड्यापूर्वी एकीकडे आठच्या वर व दुसरीकडे दोनच्या खाली माप जाणे, हीच या विकाराची खूण. मूत्राशय न दिसणे म्हणजे तो एक पायरी पुढे गेला आहे. या स्त्रीस दोन वारा आहेत अशा समजुतीने पुढची तारीख विसाव्या आठवड्याची दिली असती, तर हे दोन आठवडे हातचे गेले असते.

अशा वेळी तिला त्वरित बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवून गर्भतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागेल. पोटातून बारीक दुर्बीण घालून जोडवाहिन्या लेसरने बंद करणे हा यावरील मुख्य उपचार होय. तो मुंबई, चेन्नई यांसारख्या शहरांतील मोजक्या केंद्रांतच होतो. प्रवास, खर्च व घरची व्यवस्था यांस दिवस लागतात, म्हणून निदान जितके लवकर तितके बरे. उपचारानंतर बहुतेक वेळा निदान एक मूल वाचते. दोन्ही वाचतीलच असे मात्र सांगता येत नाही.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात एक लक्षण आईलाच जाणवू शकते. पोट दोन-चार दिवसांत एकाएकी ताणून घट्ट होणे, आडवे पडल्यावर दम लागणे, ही वाढत्या गर्भजलाची चिन्हे असू शकतात. ‘जुळी आहेत, पोट मोठे दिसणारच’ असे म्हणून ती सोडून देण्यात येतात, ही नेहमीची चूक आहे. असे झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.

आणखी एक अडचण आपल्या सीमाभागाची आहे. पेडण्याच्या अनेक सुनांचे माहेर सावंतवाडी-बांदा भागात, तर डिचोलीच्या अनेकींचे दोडामार्गकडे असते. पहिली सोनोग्राफी एकीकडे, पुढची दुसरीकडे आणि बाळंतपण तिसरीकडे होते. नव्या डॉक्टरास विसाव्या आठवड्यात वार पाहून निर्णय घेणे अवघड जाते. यास्तव बाराव्या आठवड्याचा मूळ अहवाल, शक्य तर छायाचित्रासह, स्त्रीने माता-बाल कार्डाबरोबर सतत जवळ बाळगावा. परिचारिकेने कार्डावर केवळ ‘जुळी’ असे न लिहिता ‘जुळी, वार एक’ किंवा ‘जुळी, वारा दोन’ असे लिहावे. अहवालात हा उल्लेखच नसेल, तर चौदावा आठवडा उलटण्यापूर्वी स्त्रीस पुन्हा सोनोग्राफी केंद्राकडे पाठवून तो लिहून घ्यावा.